अख्खा तक्ता की एकच ओळ?

ग्रिडमधून फक्त उजवीकडे आणि खाली सरकत कमीत कमी बेरजेचा रस्ता काढायचा, आणि मधली काही घरं बंद. सूत्र दोन्ही पद्धतींत तेच. ठरवायचं इतकंच की उत्तरांचा अख्खा तक्ता ठेवायचा, की एका ओळीवर भागवायचं. मी बराच काळ हौसेने एकच ओळ लिहीत होतो.

तिची गंमत अशी की `dp[j]` बदलण्याआधी त्यात वरच्या घराचं उत्तर असतं, आणि `dp[j-1]` मध्ये डावीकडचं ताजं. दोन्हींतलं लहान घेतलं, घराची किंमत मिळवली, झालं. पण बंद घर आलं की हात सवयीने `continue` लिहून मोकळा होतो. मला हेच नडलं.

```
1 3 1
1 # 1
4 2 1
```

पहिली ओळ संपली की हातात 1, 4, 5. दुसरीत पहिलं घर 2 होतं, मग `#`. इथे `continue` केलं तर वरचा 4 तिथेच बसून राहतो. पुढचं घर तो 4 उचलतं आणि 6 ऐवजी 5 होतं. तिसऱ्या ओळीअखेर उत्तर येतं 6. खरं उत्तर 7. म्हणजे रस्ता भिंतीतून गेला, तोही फुकटात.

उपाय एका ओळीचा आहे:

```
if g[i][j] == '#': dp[j] = INF
```

मग तक्रार कसली? चूक सापडत नाही याची. बंद घर पहिल्या ओळीत असेल तर तिथे सुरुवातीचा `INF` आधीच असतो, त्यामुळे `continue` असूनही उत्तर बरोबर येतं. माझ्या चाचण्या नेमक्या तशाच होत्या. आणि गडबड कळल्यावर छापून बघावं तर हाती फक्त शेवटची ओळ, `6 6 6`. त्यावरून काय ओळखणार? तक्ता आधी `INF` ने भरलेला असला की तोच `continue` निरुपद्रवी ठरतो, आणि कुठे बिनसलंच तर सगळ्या ओळी समोर असतात. रस्ता मागे जाऊन शोधायचा असेल तरी तक्ताच कामाला येतो.

जागेचं म्हणाल, तर 1000×1000 ला आठ बाइटच्या आकड्यांनी 8 एमबी लागतात. एवढ्यासाठी मी आता ओळीच्या वाटेला जात नाही. तुमचा हात बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. 5000×5000 ला मात्र 200 एमबी होतात, ओळीला 40 केबी. तिथे मीही ओळच लिहितो, ग्रिडसुद्धा ओळीओळीने वाचतो, आणि पहिली चाचणी बंद घर दुसऱ्या ओळीत ठेवूनच करतो.