बॅटरी साठवणीचा २५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर: सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

चाकण परिसरातल्या आमच्या कारखान्यात २ मेगावॉट, ४ मेगावॉट-तासांची बॅटरी साठवण बसवून सव्वा वर्ष झालं. दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा दीड मेगावॉटने तीन तास चार्ज करायची आणि संध्याकाळच्या महाग तासांत २ मेगावॉटने दोन तास सोडायची, असा रोजचा कार्यक्रम आहे. बॅटरी आणि इन्व्हर्टरबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. हा अनुभव त्यांच्या आणि २२ केव्ही लाइनच्या मध्ये उभ्या असलेल्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे: २५०० केव्हीए, ६९० व्होल्ट ते २२ केव्ही, एचटीला म्हणजे २२ केव्हीच्या बाजूला डेल्टा, एलटीला म्हणजे ६९० व्होल्टच्या बाजूला स्टार, न्यूट्रल बाहेर न काढलेला, मध्ये शील्ड. बनवणाऱ्याचं नाव देत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही, स्पेसिफिकेशनचा आहे.

आधी केव्हीए. २ मेगावॉट ०.९ पॉवर फॅक्टरला सोडायचे म्हणजे २२२२ केव्हीए. एका विक्रेत्याचं म्हणणं होतं की २००० केव्हीए घ्या, दोनच तास तर चालणार आहे, तेल तापायच्या आत काम संपेल. तेलापुरतं त्याचं बरोबर होतं. या मापाच्या हवेने थंड होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलाचा टाइम कॉन्स्टंट तीन तासांच्या आसपास असतो, म्हणजे दोन तासांत अंतिम तापमानवाढीच्या जेमतेम निम्मी वाढ होते. आमच्या ओटीआयवर, म्हणजे तेलाचं तापमान दाखवणाऱ्या मीटरवर, मे महिन्यातही ५५ ते ५८ अंशांच्या वर काटा गेला नाही. गंमत म्हणजे हा आकडा दुपारी चार्जिंगच्या शेवटी येतो, संध्याकाळी नाही. लोड कमी असूनही बाहेरचं ऊन तो चढवतं.

पण वाइंडिंगचं तेलासारखं नसतं. तेलाच्या मानाने तांबं किती जास्त तापलंय, तो फरक पंधरा-वीस मिनिटांतच पूर्ण गाठला जातो. एलटीला १८६० अँपिअर जातात आणि २००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा रेटेड करंट १६७३. तेल थंड आणि वाइंडिंगचा वरचा भाग रोज ओव्हरलोड, अशी अवस्था झाली असती, आणि ओटीआय पाहून ती कळलीही नसती. शिवाय बॅटरीची क्षमता घटत जाते आणि पुढे रॅक वाढवले जातात. मेगावॉट तेच राहतात, तास वाढतात. चार तास सोडायला लागलात की तेलाची सवलत संपली. २५०० घेतल्याचं समाधान आहे.

आता हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्त फ्रिक्वेन्सीचे करंट. कोटेशनं मागवली तेव्हा याचीच सगळ्यांत जास्त भीती घातली गेली. ‘इन्व्हर्टर आहे साहेब, के-१३ घ्यावाच लागेल.’ के-१३ म्हणजे जास्त हार्मोनिक्स सोसायला बनवलेला ट्रान्सफॉर्मर. आम्ही इन्व्हर्टरचा टेस्ट रिपोर्ट घेऊन गणित केलं. पूर्ण लोडला पाचवं हार्मोनिक २ टक्के, सातवं १.५, अकरावं १, तेरावं ०.८. प्रत्येकाचा वर्ग गुणिले क्रमाचा वर्ग करून बेरीज घेतली की वाइंडिंगमधला एडी लॉस साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. एडी लॉस हा मुळात एकूण लोड लॉसच्या दहा-पंधरा टक्के, म्हणजे एकूण लोड लॉसमधली वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्विचिंग फ्रिक्वेन्सीची तीन किलोहर्ट्झची लहर फिल्टरनंतर पाव-अर्धा टक्का उरते. तिचा क्रम ६०, म्हणून तीही भर घालते, पण सगळं धरलं तरी एकूण लोड लॉस फार तर दोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. के-१३ हा सहा पल्सच्या जुन्या रेक्टिफायरसारख्या लोडचा विषय आहे. इथे तो घेणं म्हणजे पाऊस नसताना गमबूट घालून हिंडणं.

लाइट लोडला टीएचडी, म्हणजे एकूण हार्मोनिक्सचं प्रमाण, ८-१० टक्के दिसतो आणि नवीन माणूस घाबरतो. तिथे टक्क्यांकडे न बघता अँपिअर बघावेत. दहा टक्के लोडवरचे दहा टक्के म्हणजे पूर्ण लोडचा एक टक्का.

खरी इन्व्हर्टरची खोडी निघाली डीसीची. सीईएच्या, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, नियमात रेटेड आउटपुटच्या ०.५ टक्क्यापर्यंत डीसी चालतो. आमच्या एलटी करंटवर ते होतात नऊ-साडेनऊ अँपिअर, आणि ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड करंटही जवळपास तेवढाच आहे! म्हणजे नियमात बसणारा डीसीसुद्धा कोअरला एका बाजूला ढकलायला पुरेसा. पाचव्या महिन्यात चार्जिंग सुरू असताना हम वेगळा येऊ लागला, जरा खरखरीत. पॉवर अॅनालायझर लावल्यावर करंटमध्ये दुसरं आणि चौथं हार्मोनिक वर आलेलं दिसलं. निरोगी इन्व्हर्टरमध्ये सम क्रमाची हार्मोनिक्स जवळपास नसतात, त्यामुळे ती दिसली की आधी डीसी शोधावा. एका मॉड्यूलच्या करंट सेन्सरचा ऑफसेट सरकला होता. तो कॅलिब्रेट केल्यावर आवाज त्याच दिवशी गेला. नुसत्या टीएचडीच्या आकड्यात हे कधीच सापडलं नसतं.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो, ते दोन्ही दिशांचं. सगळ्यांना वाटतं, वीज उलट गेल्याने ट्रान्सफॉर्मरला काय फरक पडतो? लॉससाठी काहीच नाही. व्होल्टेजसाठी मात्र पडतो, आणि तोही मेगावॉटपेक्षा व्हारमुळे, म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरमुळे. आमचा इम्पीडन्स ६ टक्के आहे. युनिटी पॉवर फॅक्टरला २ मेगावॉट सोडले तर एलटीचं व्होल्टेज एक टक्कासुद्धा वाढत नाही. पण लाइनला व्हार देत ०.९ वर सोडलं की वाढ तीन टक्क्यांवर जाते. त्यात रात्री आजूबाजूचे कारखाने थंडावले की २२ केव्ही लाइन ६ टक्के वर चढलेली असते. दोन्ही मिळून एलटीला ६९० चे ७५३ व्होल्ट.

याचे दोन परिणाम. एलटी वाइंडिंग कोअरला लागून असतं, त्यामुळे कोअरमधला फ्लक्स जवळपास याच व्होल्टेजप्रमाणे चालतो. नेहमीच्या डिझाइनमध्ये १.७ टेस्ला धरतात. ९ टक्के वाढीला ते १.८५ होतात आणि कोअर सॅच्युरेशनच्या उंबऱ्यावर येतो. आम्ही १.५५ मागितला होता, त्यामुळे १.६९ वरच थांबतो. या एका ओळीमुळे कोअरचं वजन वाढलं आणि किंमतही, पण केव्हीएखालोखाल पैसे लावायचे ते इथेच.

दुसरा परिणाम आम्हाला बॅटरीच्या बाजूने दिसला. ७५३ व्होल्ट एसी काढायला डीसीकडे किमान ७५३ गुणिले १.४१४, म्हणजे १०६५ व्होल्ट हवेत, फिल्टरमधला ड्रॉप वेगळा. आमच्या रॅकमध्ये ३८४ सेल सिरीजमध्ये आहेत. शेवटाकडे सेल २.८ व्होल्टवर आला की डीसी १०७५. म्हणून पावणेआठनंतर इन्व्हर्टर आपोआप पॉवर कमी करायचा आणि स्क्रीनवर डीसी व्होल्टेज कमी असल्याचा इशारा यायचा. बॅटरीवाले बॅटरी तपासत बसले. दोष बॅटरीत नव्हता, टॅपमध्ये होता.

टॅप म्हणजे एचटीचे वेढे कमी-जास्त करायची जागा. आमचा ऑफ-सर्किट, म्हणजे वीज बंद करूनच बदलता येणारा, त्यामुळे दुपारी एक आणि रात्री एक असा ठेवता येत नाही. दोन्ही दिशांना एकच. विक्रेत्याच्या माणसाने तो नेहमीच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबाने मधल्या जागी ठेवून दिला होता. आम्ही एचटीचे वेढे ५ टक्के वाढवून पाहायचं ठरवत होतो. रात्रीचे ७५३ उतरून ७१७ झाले असते. पण दुपारी लाइन ५ टक्के खाली गेली, आणि उन्हाळ्यात ती जाते, तर चार्जिंगला एलटी ६२० च्या आसपास, म्हणजे इन्व्हर्टरच्या खालच्या मर्यादेलाच टेकला असता. शेवटी अडीच टक्क्यांवर थांबलो. रात्री सर्वांत वाईट स्थितीत ७३५, दुपारी ६३५. तेव्हापासून पॉवर कापली गेलेली नाही. खरेदीच्या वेळीच दोन्ही दिशांचं, दोन्ही टोकांच्या लाइन व्होल्टेजचं आणि व्हारचं टेबल मागा. मिळालं नाही, तर समोरच्याने हा विचार केलेला नाही असं समजा.

रोजच्या सायकलिंगचं म्हणाल तर जिथे अपेक्षा होती तिथे काही झालं नाही. वाइंडिंग ढिली झाली नाही, तेलातल्या गॅसचा रिपोर्ट स्वच्छ आहे. त्रास दिला ब्रीदरने, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या सिलिका जेलच्या डब्याने. पहाटे तेल तिशीत असतं, दुपारी पन्नाशी ओलांडतं, मध्ये जरा उतरतं, संध्याकाळी पुन्हा चढतं. आमच्यात १८०० लिटर तेल आहे. सरासरी २० अंशांच्या फरकाला ते सुमारे २७ लिटर फुगतं आणि तेवढीच हवा ब्रीदरमधून बाहेर जाते, मग आत येते. रात्री साडेआठ-नऊला, लोड सुटल्यावर, ब्रीदरच्या खालच्या तेलाच्या कपात बुडबुडे उठताना सरळ दिसतात. शेजारचा तीन पाळ्यांच्या सलग लोडचा ट्रान्सफॉर्मर एवढा श्वास घेत नाही. सोबत आलेला ब्रीदर एक किलोचा होता. जुलैमध्ये खालचा थर निळ्याचा गुलाबी व्हायला पंधरा दिवसही लागले नाहीत, आणि पावसाळ्यानंतरच्या नमुन्यात तेलातला ओलावा १२ वरून १९ पीपीएमवर गेला होता. आता पाच किलोचा लावला आहे. पुढच्या वेळी कंझर्व्हेटरमध्ये, म्हणजे तेलाच्या वरच्या छोट्या टाकीत, एअर सेल म्हणजे हवेची रबरी पिशवी मागेन. सील केलेली कोरुगेटेड टाकी सुचवली जाते, पण तिथे हेच फुगणं पत्र्याच्या घड्यांनी रोज सोसायचं असतं, म्हणून मला ती नको.

एलटी बुशिंगला कडक बसबार न जोडता लवचिक तांब्याचे जोड घेतले होते. थर्मल कॅमेऱ्यात तिन्ही फेज सारखे दिसतात, एवढंच सांगतो.

शेवटी लॉस. फुल लोडला लोड लॉस २० किलोवॉट, नो-लोड २.५. कोटेशन तपासताना सगळ्यांचं लक्ष २० वर होतं. आमच्या वेळापत्रकात, युनिटी पॉवर फॅक्टर धरला तर, लोड लॉस दिवसाला चार्ज-डिस्चार्ज मिळून सुमारे ४७ युनिट जातो. नो-लोड मात्र चोवीस तास चालतो आणि त्याचे होतात ६० युनिट, बॅटरी झोपलेली असतानासुद्धा. दिवसातून एकच सायकल असेल तर कोटेशनची तुलना करताना नो-लोडला जास्त वजन द्या. कमी फ्लक्सचा कोअर इथेही कामाला येतो. रात्री एचटी ब्रेकर बंद करून हे ६० वाचवावेत, असं आमच्या एका व्यवस्थापकांनी सुचवलं होतं. पण रोज सकाळी रेटेडच्या आठ-दहा पट सुरुवातीचा इनरश करंट देत ट्रान्सफॉर्मर चालू करणं मला पटलं नाही. इन्व्हर्टरला एलटीकडून व्होल्टेज हळूहळू चढवून, लाइनशी जुळवून मग ब्रेकर लावता येत असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या इन्व्हर्टरमध्ये ती सोय पर्यायी आहे, आणि आम्ही ती घेतलेली नाही.