दहाच्या तारा, ॲक्शन आणि ट्रस रॉड: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीत घेतलेली स्ट्रॅट टाइप गिटार आता आठ महिने रोज वाजवतोय. पिकअप, आवाज वगैरेवर लिहिणारे भरपूर आहेत, मला लिहायचंय ते हाताला ती कशी लागते त्याबद्दल, कारण यातले तीन महिने मी चुकीच्या जागी पाना फिरवत होतो आणि गिटारच खराब निघाली असं समजून बसलो होतो.

गिटार आली तेव्हा तिच्यावर ९-४२ चा सेट होता, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाड आणि सहावी ०.०४२. वाजवायला एकदम मऊ. पण माझा उजवा हात जड आहे, रिदम जोरात मारतो, त्यामुळे जाड तारा लोळायच्या आणि कॉर्ड जोरात दाबली की सूर वर जायचा. म्हणून डिसेंबरात १०-४६ चा सेट टाकला. आकड्यात फरक नखाएवढा वाटतो पण साडेपंचवीस इंच स्केलवर स्टँडर्ड ट्यूनिंगला नऊच्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो असतो आणि दहाच्या सेटचा ४६ च्या आसपास, म्हणजे नेकवर आणि ब्रिजवर अचानक आठेक किलो जास्तीची ओढ आली. मी फक्त तारा बदलल्या, बाकी कशाला हात लावला नाही, आणि सगळी गडबड तिथेच झाली.

दोनच दिवसांत ॲक्शन वर गेली. ॲक्शन म्हणजे फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, मी ते सतराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने मोजतो. सहाव्या तारेला आधी १.८ मिमी होतं ते २.३ झालं, बारे कॉर्ड धरून मनगट दुखायला लागलं. मग मी सगळ्यात सोपं दिसलं ते केलं, ॲलन कीने सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे, खाली केले, सरळ १.६ वर आणले. खालच्या फ्रेट्सवर बरं वाटलं पण बाराव्याच्या पुढे खरखर सुरू झाली आणि पंधराव्या फ्रेटवर पहिली तार फुल बेंड केली की सूर मधेच मरायचा. सॅडल वर केले की खरखर जायची पण हात दुखायचा, खाली केले की परत खरखर, असं फेब्रुवारीपर्यंत चाललं.

एका ओळखीच्या काकांनी, ते गिटार दुरुस्त करतात, हातात घेतल्यावर सॅडलकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या फ्रेटवर कापो लावला, नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे सहावी तार बोटाने दाबली आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली फिलर गेजची पाती सरकवली. ०.४५ मिमीची पाती आरामात गेली. याला रिलीफ म्हणतात, नेकला पुढच्या बाजूला असलेला हलका बाक. थोडा बाक लागतोच कारण तार मधोमध जास्त हलते, तिला जागा पाहिजे. फेंडर स्वतःच्या सेटअप गाइडमध्ये अशा नेकला ०.०१० इंच, म्हणजे पाव मिमी सांगतं. माझ्याकडे जवळजवळ दुप्पट होता. बाक एवढा असला की मधल्या फ्रेट्सवर तार उंच राहते आणि सॅडल खाली केले की ती वरच्या फ्रेट्सवर आपटते. म्हणजे माझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं आणि मी सॅडलकडून ते सोडवायला बघत होतो, जे शक्यच नव्हतं.

त्यांनी क्रम शिकवला तो तेव्हापासून मोडला नाही. आधी पूर्ण ट्यून करायचं, कारण सैल तारांवर मोजलेल्या मापाला अर्थ नाही. मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई. घड्याळाच्या दिशेने फिरवला की रॉड घट्ट होतो आणि नेक सरळ होते, उलट फिरवला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, परत ट्यून, परत मोजायचं, आणि त्या रात्री तसंच ठेवायचं कारण लाकूड सावकाश बसतं. आम्ही दोन दिवसांत दोन पाव फेरे दिले आणि ०.२५ वर आलो. पाना बरोब्बर मापाचाच घ्या, ढिला पाना रॉडच्या टोकाचे कोपरे खातो आणि मग मोठं काम निघतं. जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा आणि कोणाकडे तरी न्या.

मग ब्रिज. माझा ट्रेमोलो आहे, जाड तारांनी तो पुढे ओढला जाऊन मागून उचलला गेला होता, ॲक्शन वाढायचं अर्धं कारण तेच. मागचं झाकण काढून स्प्रिंग धरणारे दोन स्क्रू थोडे थोडे घट्ट केले, ब्रिज जागेवर आला. आणि मग सगळ्यात शेवटी सॅडल: सहावी १.७, पहिली १.५. त्याच गिटारवर, त्याच दहाच्या तारांवर पंधराव्या फ्रेटचा बेंड स्वच्छ वाजला तेव्हा मला खरंच भरून आलं. बाराव्या फ्रेटचा सूर तेवढा परत जुळवावा लागला, सॅडल किंचित मागे घेऊन.

खरखर कुठे आहे त्यावरून बरंच कळतं हे आता लक्षात आलंय. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवरच असेल तर बहुतेक नेक जास्त सरळ झालीय किंवा मागे वाकलीय, रॉड सैल करून बघायचा. वरच्या फ्रेट्सवर असेल तर आधी रिलीफ मोजा आणि मग ॲक्शन. फक्त मोकळी तार वाजवताना असेल तर नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिची, खाच खोल गेलेली असते, आणि एकाच फ्रेटवर असेल तर बहुतेक तो किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उंच सखल आहे, तिथे रॉडचा काही उपयोग नाही. नटवरून आठवलं, नऊसाठी कापलेल्या खाचेत दहाची तिसरी तार अडकायची, ट्यून करताना टिंग करून उडी मारायची. ती खाच काकांनी फाइलने जराशी रुंद केली, हे मी घरी करणार नाही, एकदा खोल गेली की गेली.

मार्चमध्ये हौसेने ॲक्शन १.२ पर्यंत नेऊन बघितली. वेगवान लिकना मजा आली पण बेंड करताना बोटाला तारेखाली धरच मिळेना, शेजारची तार बोटावर चढायची, आणि माझ्या जोराच्या रिदमला सगळ्या तारा आपटायच्या. हलक्या हाताने वाजवणाऱ्या मित्राला तीच सेटिंग फार आवडली. त्याची गिटार पावणेपंचवीस इंच स्केलची आहे, तिथे तेच दहा साधारण सहा टक्के सैल लागतात, त्यामुळे त्याचं ऐकून मी तारा ठरवणं चूकच होतं. बेंडसाठी दहा जड वाटत असतील तर अर्धा सूर खाली ट्यून करून बघा, ताण दहा-अकरा टक्के उतरतो, फक्त त्यानंतर रिलीफ परत मोजा कारण नेक थोडी मागे जाईल.

पुण्यात पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत माझा रिलीफ ०.३५ झाला, मित्राचा उलट कमी झाला, म्हणून पावसाळ्यात अमुक बाजूला फिरवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मोजा. फिलर गेज गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, मी तिथूनच घेतलं. काल पाव फेऱ्याहूनही कमी दिला, आज सकाळी ०.२५ आहे, सॅडलला हात लावावा लागला नाही.