क्रेडिट कार्डाची उधारी दुसऱ्या कार्डावर हलवून, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर घेऊन, आठ महिने झाले: फी, सहा महिन्यांची ऑफर आणि शेवटी खरंच किती वाचले

आधीच सांगतो मी काही बँकवाला नाही, जळगावला एमआयडीसीत डाळ मिलच्या ऑफिसात हिशोब बघतो, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची खोड आहे एवढंच. कोणत्या बँकेचं कार्ड ते विचारू नका, सांगणार नाही, आणि तसाही मुद्दा तो नाही, हिशोब सगळीकडे याच पद्धतीने करायचा असतो.

झालं असं की दीडेक वर्षापूर्वी गावाकडे, अमळनेर साईडला, बोअरची मोटर जळाली, केबल नवीन टाकावी लागली, त्यातच भाचीचं लग्न, आणि सगळं कार्डावर गेलं. ८७ हजार. मग दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात कमीत कमी भरायला सांगितलेली रक्कम, तेवढीच भरत बसलो. आठ महिन्यात जवळपास ३५ हजार भरले आणि उधारी ८७ वरून आली ८० वर! पहिल्यांदा मला वाटलं बँकेने काहीतरी घोळ केला, पण स्टेटमेंट घेऊन बसलो तर घोळ माझाच होता. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ८० हजारावर २८००, आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी ५०४, झाले ३३०४. मी भरायचो साधारण ४१६५, त्यातले मुद्दलात जायचे फक्त ८६१. जीएसटीचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, साडेतीन साडेतीन म्हणतात पण खिशातून जातात ४.१३ टक्के. दर महिन्याला.

तेव्हा दुसऱ्या बँकेच्या कार्डावर (ते घरात नुसतं पडून होतं, लिमिट १ लाख १० हजार) बॅलन्स ट्रान्सफरच्या दोन ऑफर दिसल्या. एक: तीन महिने शून्य टक्के, फी ३ टक्के. दुसरी: सहा महिने, महिन्याला ०.९९ टक्के, फी २ टक्के. फोनवरची ताई शून्यवालीच घ्या म्हणत होती, मित्रही तेच, शून्य म्हटल्यावर कोण सोडतो. मी म्हटलं थांबा, संध्याकाळी कागद पेन घेतो.

यात पहिला प्रश्न व्याज किती हा नाहीच, मी महिन्याला खरंच किती भरू शकतो हा आहे. माझं उत्तर होतं १० हजार, ओढूनताणून. तेवढाच आकडा तिन्ही ठिकाणी धरायचा, नाहीतर तुलना खोटी होते.

जुन्याच कार्डावर राहिलो असतो आणि मिनिममऐवजी दरमहा १० हजार भरले असते तर दहाव्या महिन्यात फिटलं असतं आणि व्याज अधिक जीएसटी मिळून साधारण १९,१०० गेले असते.

शून्यवाली ऑफर: फी २४०० आणि त्यावर जीएसटी ४३२, म्हणजे २८३२ पहिल्याच बिलात. तीन महिन्यात भरले ३० हजार, तरी ५२,८०० च्या वर शिल्लक, आणि चौथ्या महिन्यापासून सरळ साडेतीन टक्के चालू. शेवटपर्यंत धरलं तर एकूण खर्च साधारण १०,८००.

०.९९ वाली: फी १६०० अधिक जीएसटी २८८, म्हणजे १८८८. व्याज पहिल्या महिन्यात जीएसटी धरून ९३५, मग कमी कमी होत जाणारं. सहा महिन्यानंतर शिल्लक २६ हजार, तिच्यावर पुढे महागडं व्याज, नवव्या महिन्यात सगळं साफ, एकूण खर्च साधारण ८,१००.

म्हणजे शून्य टक्के मला २७०० ने महाग पडत होतं! कारण शून्य फक्त तीन महिने, आणि माझी निम्म्याहून जास्त उधारी त्या तीन महिन्याच्या बाहेर पडत होती. महिन्याला २८ हजार भरायची ताकद असती तर उलटं झालं असतं, तीन महिन्यात सगळं मिटलं असतं आणि शून्यवालीत फक्त २८३२ गेले असते, ०.९९ वालीत ३८०० च्या आसपास. त्यामुळे कोणती ऑफर चांगली असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, भो, तू महिन्याला भरणार किती?

फीची भीती मात्र उगाच वाटते. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणे "तुले काय येड लागनं का, उधारी हलवाले बी पैसे द्यायचे?" पण पहिल्याच महिन्यात ३३०४ च्या जागी ९३५ व्याज, म्हणजे २३७० चा फरक, १८८८ ची फी पंचवीस दिवसाच्या आत वसूल. हां, पगार किंवा शेतीचा पैसा महिनाभरात येणारच असेल आणि तुम्ही एकदम सगळं फेडणार असाल तर मात्र ही फी वाया, नका पडू यात.

आता प्रत्यक्षात काय काय झालं ते.

अर्ज केल्यावर पैसे लगेच जात नाहीत. माझे २३ जूनला जुन्या कार्डात एनईएफटीने जमा झाले, आठ दहा दिवस गेले मध्ये, आणि तोपर्यंत जुन्या कार्डाची ड्यू डेट आली असती तर मिनिमम मलाच भरावं लागलं असतं. ट्रान्सफरसुद्धा लिमिटच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देत होते, माझ्या लिमिटवर ८२,५०० पर्यंत, म्हणून पूर्ण ८० हजार बसले. लिमिट कमी असेल तर अर्धीच उधारी हलते, बाकी तिकडेच राहते.

पहिली चूक इथे केली. जुनं स्टेटमेंट १२ जूनचं, त्यात ८० हजार, आणि ८० हजार गेले, म्हणजे खातं शून्य असं मी धरलं आणि ते ॲपच मोबाईलमधून काढून टाकलं. पण १२ ते २३ जून हे ११ दिवस त्या ८० हजारावर व्याज चालूच होतं ना, ते पुढच्या बिलात येतं. १०१३ व्याज आणि जीएसटी १८२, एकूण ११९५. मला माहीतच नाही. ड्यू डेट गेली, लेट फी ५०० आणि तिच्यावर जीएसटी, ५९० चा फटका, वरून मेसेज की थकबाकी कळवली जाईल वगैरे. पळत भरले. लेट फी परत द्या म्हणून दोनदा मेल टाकला, नाही दिली, म्हणे बिल ईमेलवर पाठवलं होतं. खरंच पाठवलं होतं, प्रमोशनच्या फोल्डरमध्ये. म्हणून ट्रान्सफर झाल्यावर जुन्या कार्डाची पुढची दोन बिलं डोळे उघडे ठेवून बघायची, खाली शून्य आल्याशिवाय ॲप काढायचं नाही.

दुसरी चूक जास्त बोचली. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या सुमारास नव्या कार्डावर ४२०० चा किराणा आणि मुलाचे बूट घेतले, म्हटलं पुढच्या बिलात भरून टाकू, पन्नास दिवस फुकट मिळतातच. नाही मिळत! कार्डावर ट्रान्सफरची शिल्लक उभी असेल तर नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून साडेतीन टक्के. बरं, मग मी ४२०० जास्तीचे भरले असते तरी ते खरेदीत गेलेच नसते. बँकेचं एमआयटीसी नावाचं नियमांचं पीडीएफ असतं ते काढून वाचलं, त्यात लिहिलंय की भरलेला पैसा आधी टॅक्स, फी, व्याज, मग ट्रान्सफरची शिल्लक आणि त्यानंतर खरेदी या क्रमाने जमा होतो. म्हणजे ०.९९ टक्केवाली उधारी आधी फिटते आणि ४.१३ वाली खरेदी तशीच बसून राहते, जोवर पूर्ण ट्रान्सफर फिटत नाही तोवर. पाच महिने दर महिन्याला १७३ रुपये, जवळपास ८७० गेले त्या किराण्यावर. प्रत्येक बँकेचा क्रम सारखाच असेल असं नाही, पण घ्यायच्या आधी हा एक परिच्छेद शोधून वाचाच. मी नंतर ॲपमधून कार्ड लॉकच करून टाकलं. बायको म्हणाली जुन्या कार्डावर आता ८० हजार लिमिट मोकळं झालं, ते पण लॉक करा, केलं.

तिसरी गोष्ट माझी चूक नाही, दिवाळी होती. ऑक्टोबरमध्ये १० च्या जागी ६ हजारच भरता आले. ऑफर तरी जागेवर राहिली कारण मिनिममपेक्षा जास्त होते, मिनिममच चुकलं तर बँक सवलतीचा दर रद्द करू शकते असं त्याच कागदात होतं, म्हणून मिनिममला ऑटो डेबिट लावून ठेवलेलं आणि बाकीचे हाताने भरायचो.

सहा महिने मोजायचे ते माझ्या बाबतीत बिलाच्या तारखेपासून नव्हते, पैसे गेल्याच्या तारखेपासून, म्हणजे २३ डिसेंबरला ऑफर संपली. मोबाईलमध्ये १० डिसेंबरला रिमाइंडर होता. तेव्हा ३० हजाराच्या वर शिल्लक होती आणि फोन आला की सर हे ईएमआय करून टाकू का, बारा महिने, सव्वा टक्का महिना. मी विचारलं फ्लॅट की रिड्युसिंग, तर ती म्हणे सर सव्वाच आहे. फ्लॅट असेल तर फेडलेल्या पैशावर पण व्याज देत बसायचं, नको म्हटलं. जानेवारीत माझी भिशी लागली ३० हजाराची, त्यात पगारातले ६४०० टाकून ट्रान्सफर, किराणा, व्याज, सगळं एका फटक्यात संपवलं.

शेवटचा हिशोब असा की फी, ०.९९ चं व्याज आणि जानेवारीच्या बिलातलं महागडं व्याज मिळून ७३३०, लेट फी ५९०, किराण्यावरचं व्याज ८७०, मिळून ८८०० च्या जवळपास. ते ११९५ यात धरले नाहीत कारण ते जुन्या उधारीचे होते, तिकडे राहिलो असतो तरी द्यावेच लागले असते. आणि अगदी हेच हप्ते, दिवाळीचे ६ हजार आणि भिशी धरून, जुन्या कार्डात भरले असते तर साधारण १७,४०० गेले असते. म्हणजे वाचले ८६०० च्या आसपास, माझ्या दोन चुका नसत्या तर १० हजाराच्या वर वाचले असते.

फेब्रुवारीत नव्या कार्डाच्या बिलात परत ३८ रुपये आले, जानेवारीचं बिल निघाल्यापासून भरेपर्यंतचं उरलेलं व्याज. यावेळी ॲप काढलेलं नव्हतं, त्याच दिवशी भरले, आणि मार्चचं बिल शून्याचं आलंय.