चिकट झालेला रिमोट आणि फोनचं कव्हर: अल्कोहोल की खायचा सोडा?

चिकट रिमोट कशानं साफ करावा असं विचारा, प्रत्येकाचं हुकमी औषध वेगळं निघतं. कोणी स्पिरिट सांगतं, कोणी खायचा सोडा, कोणी टाल्कम पावडर, तर कोणी थेट नेलपॉलिश रिमूव्हर. यातल्या बहुतेकांना आपापल्या वस्तूवर गुण आलेला असतो, आणि तरीही तोच उपाय दुसऱ्या वस्तूचं वाटोळं करू शकतो. म्हणून बाटली उघडण्याआधी चिकटपणा कशाचा आहे ते ठरवायला हवं.

आधी वस्तू ओळखा

बरेच रिमोट आणि काही कडक फोन कव्हर आतून साध्या टणक प्लास्टिकची असतात. रिमोटचं प्लास्टिक बहुधा एबीएस, कव्हरचं पॉलिकार्बोनेट. हाताला मऊ, मखमली लागावं म्हणून त्यावर पॉलियुरेथेनच्या रंगाचा पातळ थर फवारलेला असतो. हवेतला दमटपणा या थरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतो. उष्णता आणि हाताचं तेल त्या कामाला वेग देतात. साखळ्या तुटल्या की थराचा लिबलिबीत डिंक होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं खणात पडून असलेला, कोणी हातही न लावलेला रिमोटसुद्धा चिकट निघतो.

तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडता येत नाहीत. मऊ स्पर्श परत आणणारं कोणतंही द्रावण नाही. आपण ज्याला साफसफाई म्हणतो ती इथे खरं तर थर खरवडून काढणं असते, आणि सगळी तुलना त्याच कामासाठी करायची आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. रिमोटच्या सेलचं झाकण काढा आणि आतली बाजू बोटानं चाचपा. आत सहसा हा थर मारलेला नसतो. आतून कोरडं, टणक आणि बाहेरून चिकट असेल, तर थर खराब झाला आहे. कोपऱ्यात नखानं घासलं तर त्याच्या काळ्या वळ्या निघतात. साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसल्यावर चिकटपणा गेला आणि परत आला नाही, तर तो नुसता मळ होता. काम तिथेच संपलं.

तिसरी गोष्ट फोन कव्हरची. हातात धरून दुमडता येतं ते कव्हर सिलिकॉनचं किंवा टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचं असतं. त्यावर बहुधा वेगळा थर नसतो, सगळं कव्हर एकाच मालाचं. त्यावर थर काढायचे उपाय करणं म्हणजे कव्हरच झिजवणं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, इतकंच करा. पूर्ण वाळल्यावरही टीपीयू चिकटच राहिलं तर माल आतून बिघडला आहे. ते बदलणंच बरं. पिवळेपणही धुऊन जात नाही, कारण तो डाग नसून मालाचाच रंग बदललेला असतो.

दोघांची कामाची पद्धत वेगळी

खराब थर काढायला खरी लढत दोघांतच आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि खायचा सोडा.

अल्कोहोल बिघडलेल्या पॉलियुरेथेनमध्ये शिरतं, त्याला फुगवतं आणि खालच्या प्लास्टिकवरची त्याची पकड सोडवतं. खालचं एबीएस मात्र त्यात विरघळत नाही. सगळा फायदा या फरकात आहे. सोड्याचं काम मुख्यतः घासण्याचं. त्याचे कण बारीक आणि बऱ्यापैकी मऊ असतात, त्यामुळे चिकट थर ओरबाडला जातो आणि खाली खोल चरे पडत नाहीत. तो किंचित अल्कधर्मी असल्यामुळे हाताचं तेलही सुटतं. पण थराला तो विरघळवत नाही.

म्हणून थर नुकताच चिकट व्हायला लागला असेल तर सोडा पुरतो. पूर्ण पातळ होऊन बोटाला तार सुटत असेल, तर सोडा त्यात मिसळून राखाडी गोळा होतो आणि तो सगळीकडे फासला जातो. असं दिसायला लागलं की आणखी जोर लावण्यात अर्थ नाही. धुऊन टाका आणि अल्कोहोलकडे वळा.

मोठा फरक पाण्याचा आहे. कव्हर फोनपासून वेगळं करून नळाखाली धरता येतं, रिमोट धरता येत नाही. सोड्याची ओली पेस्ट रिमोटच्या बटणांच्या फटीत शिरते आणि वाळून पांढरी होते. बटणांच्या रबरी पट्टीखाली कार्बनचे छोटे ठिपके असतात. बटण दाबलं की ते सर्किटला टेकतात. तिथे भुकटी पोचली तर बटण जोर लावून दाबावं लागतं किंवा चालतच नाही. अल्कोहोल मात्र फडक्यात घेता येतं आणि उडून जातं.

सोड्याची जमेची बाजू म्हणजे वाफ नाही, वास नाही, पेट घ्यायची भीती नाही. लहान मुलं असलेल्या घरात हे कमी महत्त्वाचं नाही. अल्कोहोलला मोकळी हवा लागते, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको, आणि ते कधीही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, त्यातून विषारी पदार्थ तयार होतात.

माझा कौल सांगायचा तर रिमोटला अल्कोहोल, थर असलेल्या कडक कव्हरला आधी सोडा.

किती टक्क्यांचं घ्यावं?

७० टक्क्यांचं घ्यावं की ९९, यावर बराच खल होतो. ९९ टक्क्यांचं जोरात काम करतं, पण थरात शिरण्याआधीच उडायला लागतं. ७० टक्क्यांमध्ये पाणी असल्यामुळे ते जास्त वेळ ओलं राहतं, मात्र फटीत गेलेलं पाणी वाळायला वेळ लागतो. पाठीसारख्या सलग भागाला ७० चालतं, बटणांजवळ ९० च्या पुढचं बरं. दोन्ही नसेल तर अल्कोहोलवालं जेल सॅनिटायझर पाठीवर चालून जातं. जेल जागेवर टिकतं, ही त्याची खुबी. त्यातल्या ग्लिसरिनचा ओशटपणा मात्र शेवटी ओल्या फडक्यानं पुसावा लागतो.

एक रिमोट, सुरुवातीपासून

समजा टीव्हीचा काळा रिमोट आहे, पाठ पूर्ण चिकट आणि पुढे बटणांभोवतीही तसंच. आधी त्याचा फोटो काढा. कोणत्या बटणावर काय लिहिलंय हे पुढे कामाला येईल. सेल काढा. आता पाठीच्या एका कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं अल्कोहोल लावून मिनिटभर थांबा आणि पुसा. बोळा काळा झाला आणि खालचं प्लास्टिक टणक, चकचकीत राहिलं, तर पुढे जायला हरकत नाही. खालचं प्लास्टिकच मऊ किंवा पांढुरकं झालं तर थांबा.

सुती फडकं ओलं करा, पण निथळणारं नको. ते पाठीवर पसरून दोन मिनिटं ठेवा, वरून प्लास्टिकचा कागद झाकला तर अल्कोहोल उडत नाही. मग एकाच दिशेनं दाबून ओढा. गोल गोल घासलं की सुटलेला डिंक पुन्हा पसरतो. हीच चूक सगळ्यांत जास्त होते, आणि मग अल्कोहोलला नावं ठेवली जातात. प्रत्येक ओढीला फडक्याचा कोरा भाग घ्या. दोन-तीन फेऱ्यांत पाठ मोकळी होते. टिश्यू पेपर वापरू नका, त्याचे तुकडे डिंकात रुततात आणि काम दुप्पट होतं.

पुढच्या बाजूला फडकं ठेवून द्यायचं नाही. कान साफ करायच्या काडीला अल्कोहोल लावून बटणांच्या मधली जागा थोडी थोडी घ्या. कडांना लाकडी टूथपिक चालते, धातूचं काही नको. रबरी बटणांवरची अक्षरं छापलेली असतात आणि अल्कोहोलनं जाऊ शकतात, म्हणून बटणांच्या माथ्यावर काडी फिरवू नका. रिमोटच्या टोकाची गडद खिडकी आणि एसीच्या रिमोटवरची पारदर्शक काच यांनाही अल्कोहोल लावू नका. हे भाग ॲक्रिलिकचे असले तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या परत जात नाहीत.

शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एकदा पुसा आणि कोरडं करा. सेल घालण्याआधी किमान अर्धा तास जाऊ द्या. मग रिमोटचं टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट दिवा चमकला की सगळं ठीक. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा.

कडक कव्हरला हे सोपं जातं. तीन भाग सोड्यात एक भाग पाणी घालून घट्ट पेस्ट करा, जुन्या टूथब्रशनं पाच-दहा मिनिटं घासा आणि धुवा. वाळल्यावर बोटाला अजून ओढ लागत असेल तरच अल्कोहोल. सोड्यानं चकाकी थोडी मंद होते, कव्हरला ती बहुधा खटकत नाही.

उरलेले दोन

नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना मी यादीतून सरळ काढून टाकतो. ॲसिटोन थर चुटकीसरशी काढतं हे खरं, पण एबीएसही विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेटला तडे आणतं. ‘ॲसिटोन नसलेला’ रिमूव्हर सुरक्षित असेल असं वाटतं. त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही एबीएसला खातं. पृष्ठभाग मंद, पांढुरका होऊन नव्यानं चिकटायला लागला, तर आता थर नव्हे, खुद्द प्लास्टिक विरघळतंय असं समजा.

टाल्कम पावडरची गोष्ट वेगळी. ती काहीच काढत नाही, चिकट भागावर बसून फक्त ओढ झाकते. थराचं बिघडणं खाली चालूच राहतं आणि हात लागेल तशी पावडर निघून जाते. तरी एका वेळी मी तीच निवडेन: बटणांची नावं बटणांवर नसून बाजूच्या थरावर छापलेली असतात तेव्हा. थर गेला की नावंही जातात. मग रिमोट स्वच्छ होतो, पण कोणतं बटण कशाचं हे फोटोत बघावं लागतं. अशा रिमोटची पाठ अल्कोहोलनं मोकळी करा आणि पुढच्या बाजूला कोरड्या ब्रशनं पावडरचा हलका हात फिरवून जास्तीची झटकून टाका.