मशीन गेलं तुळजापूरला, घसारा पडला आमच्या नावावर

ठेकेदाराबरोबर एकाच कामापुरती भागीदारी करून पैसे लावणारे आपल्याकडे बरेच आहेत. काम त्याचं, लायसन त्याचं, भांडवलात आपला हात आणि शेवटी नफ्यात ठरलेला वाटा. असं काही करत असाल किंवा करायचा विचार असेल, तर पुढचं नीट वाचा. माझे जवळजवळ चार लाख या हिशोबात जाणार होते. गंमत म्हणजे त्यासाठी एकही खोटं बिल लावलेलं नव्हतं. प्रत्येक बिल खरं होतं.

काम बार्शीजवळच्या एका संस्थेच्या वसतिगृहाचं होतं. कंत्राटाची किंमत 1 कोटी 20 लाख. ऑक्टोबरला सुरुवात, मे अखेरीस इमारत ताब्यात दिली. नफ्यात माझा वाटा 40 टक्के ठरला होता. जूनमध्ये ठेकेदाराने या कामाचं कंत्राट खातं माझ्यासमोर ठेवलं. खर्च 1 कोटी 14 लाख, नफा 6 लाख, माझा वाटा 2 लाख 40 हजार. "यंदा सळईने मारलं बघा, दादा," असं म्हणून त्याने चहा मागवला.

खात्याची नावे बाजू लांबलचक होती. जमा बाजूला मात्र संस्थेकडून आलेले पैसे सोडून एकही ओळ नव्हती. आठ महिने चाललेल्या बांधकामाच्या साईटवरून एक गोणी परत गेली नाही, एक लोखंडी प्लेट उरली नाही, हे शक्य तरी आहे का? माझी भाची कॉस्ट अकाउंटन्सी करते. तिने कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, साईटवरची यंत्रं शेवटी गेली कुठे?"

एका कामाचं खातं वेगळं काढतात, तेव्हा यंत्राचा खर्च दोनपैकी एका रीतीने धरतात. पहिल्या रीतीत यंत्र साईटवर आलं की त्याची पूर्ण किंमत खात्याला नावे टाकायची आणि काम संपल्यावर किंवा यंत्र दुसरीकडे गेल्यावर घसारा वजा जाता उरलेली किंमत जमा करायची. यंत्र बराच काळ एकाच कामावर राहणार असेल तर ही रीत सोयीची पडते. दुसऱ्या रीतीत किंमत खात्यात आणायचीच नाही. यंत्र जितके महिने साईटवर होतं, तितक्याच महिन्यांचा घसारा नावे टाकायचा. थोड्या दिवसांसाठी आलेल्या यंत्राला ही बरी. दोन्हींतून उत्तर एकच निघतं, फक्त जी घ्याल ती शेवटपर्यंत न्यावी लागते. आमच्या ठेकेदाराने दोन्ही रीतींतली खर्चाची बाजू तेवढी उचलली होती.

सगळ्यात मोठा घाव सेंट्रिंगच्या सामानात होता. लोखंडी प्लेटा, जॅक, स्पॅन असं मिळून 6 लाखांचं सामान या कामासाठी नवं घेतलं होतं, आणि ते खात्यात वाळू-सिमेंटच्या रांगेत, 'साहित्य' म्हणून पूर्ण पडलं होतं. वाळू स्लॅबमध्ये गेली की गेली. प्लेट मात्र स्लॅब उतरवल्यावर तेल लावून पुढच्या स्लॅबला लागते. ती संपणारी वस्तू नाही, झिजणारी आहे, म्हणून तिचा हिशोब यंत्रासारखा व्हायला हवा. भाचीने सरळ मांडणी केली. सामान तीन वर्षं चालेल असं धरू, शेवटी भंगारात 60 हजार येतील. म्हणजे 36 महिन्यांत 5 लाख 40 हजार झिजणार, महिन्याला 15 हजार. आमच्याकडे ते आठ महिने होतं, म्हणजे आमच्या वाट्याचा घसारा 1 लाख 20 हजार. काही जॅक हरवले, काही प्लेटा वाकल्या, ती तूट 20 हजारांची. ती आमच्याच कामावर झाली, म्हणून तीही आमच्या खर्चात धरली. उरलेले 4 लाख 60 हजार जमा बाजूला यायला हवे होते, कारण ते सामान ट्रकमध्ये भरून तुळजापूरच्या बाजूच्या त्याच्या दुसऱ्या कामावर गेलं होतं.

हे विचारल्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "अहो, प्लेटा झिजल्या, आता त्यांना किंमत काय?" त्या किंमत नसलेल्या प्लेटांवर तुळजापूरचा स्लॅब पडला होता, हे त्याच्याच मुकादमाने सांगितलं.

खोदाईच्या मशीनचं प्रकरण जास्त चलाखीचं होतं, कारण तिथे आकडा खरोखर सीएच्या कागदावरून आलेला होता. 18 लाखांचं मशीन जुलैत घेतलेलं. खात्यात 15 टक्क्यांनी 2 लाख 70 हजार घसारा लावला होता. मी विचारलं तर त्याने इन्कम टॅक्सचा घसाऱ्याचा तक्ता पुढे केला. आकडा तंतोतंत तोच. पण इन्कम टॅक्सचा घसारा महिन्यांवर चालतच नाही. नव्याने घेतलेलं यंत्र त्या वर्षात धंद्यात 180 दिवस किंवा जास्त वापरलं तर पूर्ण वर्षाचा घसारा मिळतो, कमी वापरलं तर निम्मा. तो धंद्याचा मिळून आकडा असतो, मशीन कोणत्या साईटवर किती दिवस होतं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याच्या विवरणपत्रात तो बरोबरच होता. आमच्या खात्यात मात्र चुकीचा होता, कारण मशीन आमच्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी असे चारच महिने होतं. तोच 15 टक्के दर धरला तरी चार महिन्यांचे 90 हजार होतात. 1 लाख 80 हजार जास्तीचे लावले होते.

मशीन जानेवारीत गेलं, हे त्याने आधी मान्य केलं नाही. पण पुरावा त्याच्याच वहीत होता. मशीनचं डिझेल आणि ऑपरेटरचा भत्ता आमच्या खात्यात जानेवारीअखेरपर्यंत आठवड्याला पडत होता. फेब्रुवारीपासून एकही नोंद नव्हती. डिझेल न पिता उभ्या असलेल्या मशीनचा घसारा चालू, हे कुठल्या शहाण्याला पटेल? तुम्हीही आधी हेच बघा. यंत्राच्या घसाऱ्याचे महिने, डिझेलचे महिने आणि ऑपरेटरच्या पगाराचे महिने एकमेकांशी जुळतात का, ते तपासायला अकाउंटंट लागत नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. मशीन मोडून साईटवरच पडून असेल तर ते महिने धरायचे की नाही, यावर खरोखर वाद होऊ शकतो. थोडा खोळंबा कामाचाच भाग असतो. पण पार्ट मिळेना म्हणून दोन महिने मशीन बंद राहिलं, तर तो तोटा एका कामाच्या माथी मारू नये. मशीन दोन साईटांवर आलटून पालटून फिरत असेल तर महिन्यांपेक्षा मीटरच्या तासांवर हिशोब करणं जास्त न्याय्य. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मशीन आलं, खोदाई आणि भराव झाला, मशीन गेलं.

सळईचा हिशोब मोजमाप पुस्तकातून निघाला. खरेदी 42 टनांची होती, बिलं खरी होती. संस्थेच्या इंजिनिअरने मोजून बिलात धरलेली सळई 35.5 टन. तुकड्यांची घट सव्वा टनाच्या आसपास सोडली तरी पाच टन सळई इमारतीत नव्हती आणि आवारातही नव्हती. वॉचमनच्या गेटच्या वहीत एप्रिलमध्ये सळई भरून गेलेल्या ट्रकची नोंद सापडली. त्याहून मजेशीर म्हणजे त्या ट्रकचं भाडं आमच्या खात्याला लावलं होतं! माल आमचा, गेला दुसऱ्याच्या कामाला, आणि पोचवण्याचा खर्चही आमचा. भाडं ज्या साईटला माल मिळाला तिने भरायचं असतं.

इथे चलन पुस्तकाकडे लक्ष द्या. एका साईटवरून दुसरीकडे माल हलवताना क्रमांकाचं चलन फाडतात, त्याची एक प्रत देणाऱ्याकडे आणि एक घेणाऱ्याकडे राहते. मधे एकदा सिमेंट कमी पडलं होतं, तेव्हा दुसऱ्या साईटवरून आमच्याकडे 30 गोण्या आल्या होत्या. त्याचं चलन फाईलला लावलेलं होतं आणि रक्कमही आमच्या नावे पडली होती. म्हणजे पद्धत त्याला चांगली ठाऊक होती. आमच्याकडून बाहेर गेलेल्या मालाची चलनं मात्र फाईलमध्ये नव्हती, आणि पुस्तकातल्या क्रमांकांत एप्रिलची पानं गायब होती.

दुकानदाराला परत केलेल्या सिमेंटचं असंच. 120 न फोडलेल्या गोण्या, 350 च्या भावाने 42 हजार. दुकानदाराने क्रेडिट नोट दिली होती, पण तिची वळती त्याने तुळजापूरच्या बिलात करून घेतली. परत गेलेल्या मालाची रक्कम ज्या कामाच्या नावावर खरेदी पडली त्याच कामाला जमा व्हायला हवी. दुकानदाराकडून त्या कामाचा खातेउतारा स्वतः मागून घेतला की हे पाच मिनिटांत कळतं. मला तो उतारा हसत दिला गेला, कारण दुकानदाराच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

आता बेरीज. सेंट्रिंगचे 4 लाख 60 हजार, मशीनचे 1 लाख 80 हजार, सळई पाच टन 60 हजार भावाने 3 लाख, सिमेंट 42 हजार. एकूण 9 लाख 82 हजार. ट्रकचं भाडं यात धरलेलंही नाही. नफा 6 लाखांऐवजी 15 लाख 82 हजार, आणि माझा 40 टक्के वाटा 2 लाख 40 हजारांऐवजी 6 लाख 32 हजार 800.

भाची आणि मी कागद घेऊन बसलो तेव्हा तो आधी चिडला, मग नरमला. डिझेलच्या नोंदी पाहून मशीनचे 1 लाख 80 हजार त्याने तिथेच मान्य केले, क्रेडिट नोटची झेरॉक्स पाहून सिमेंटचेही. सेंट्रिंगवर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी 4 लाखांवर तुटलं. तीन वर्षांचं आयुष्य हा आमचा अंदाज होता, आणि आयुष्य आधी लिहून ठरवलेलं नसेल तर समोरचा ते दोन वर्षं म्हणणारच. सध्याच्या कामाच्या करारात मी प्रत्येक यंत्राची येण्याची तारीख, जाण्याची तारीख, धरलेलं आयुष्य आणि भंगार किंमत असा तक्ता जोडून घेतलाय. मशीन तासाच्या भाड्याने लावायचं असेल तर त्या भावात डिझेल आणि ऑपरेटर धरलेत की नाहीत, हेही त्यात लिहिलंय. नाहीतर भाड्यातही घेतात आणि वेगळेही लावतात.

सळईवर अजून मिटलेलं नाही. माल हलला त्या महिन्यात भाव उतरून 52 हजारांवर आला होता, म्हणून तो पाच टनांचे 2 लाख 60 हजारच जमा करायला तयार आहे. माझं म्हणणं, आमच्या खात्याला ती सळई 60 हजारांनी लागली, तर जातानाही त्याच भावाने जायला हवी. बाजार पडल्याचा तोटा आमच्या इमारतीने सोसायचा आणि स्वस्त माल तुळजापूरने वापरायचा, हे मला मान्य नाही. त्या 40 हजारांपायी शेवटच्या हिशोबावर माझी सही अजून झालेली नाही.