समान अंतराचे बिंदू की चेबिशेव्हचे? निवडायचेच असेल तर

एखादा वक्र बहुपदीने बसवायचा आणि रीडिंग कुठे घ्यायची ते आपल्या हातात असेल, तरच या तुलनेला अर्थ आहे. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ठरावीक वेळानेच नोंदली जाते. तिथे निवड नसते, तिथे सरळ स्प्लाइन वापरावा.

माझं काम शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं होतं. भट्टीचं तापमान ४०० ते १२०० अंश, बिंदू पाच. समान अंतराने ४००, ६००, ८००, १०००, १२००. चेबिशेव्हच्या, टोकांकडे दाट होणाऱ्या बिंदूंनी `800 + 400*cos((2k+1)π/10)`, k = 0 ते 4, म्हणजे साधारण ४२०, ५६५, ८००, १०३५, ११८०. फोरमन म्हणाले, “गोल आकडे द्या की वो साहेब!” सोयीच्या बाबतीत त्यांचंच खरं.

पण मला समान अंतराचा एक त्रास सहन होईना: बिंदू वाढवले की टोकं आणखी बिघडू शकतात. रुंगेने १९०१ मध्ये दाखवलेलं `1/(1+25x²)` हे फल -1 ते 1 वर घ्या. समान अंतराच्या ११ बिंदूंवर सर्वात मोठी चूक १.९ च्या आसपास, २१ बिंदूंवर जवळपास ६०! फलाची कमाल किंमत मात्र १. चेबिशेव्हच्या बिंदूंवर हीच चूक ०.११ वरून ०.०१५ वर येते.

कारण चूक मोजायच्या सूत्रात आहे. त्यातला एक भाग फलाच्या अवकलजाचा, तो आपल्या हातात नाही. दुसरा `(x-x₀)(x-x₁)…` हा गुणाकार, तो पूर्णपणे बिंदूंवर ठरतो. तीनच बिंदू घेऊन बघा. -1, 0, 1 घेतले तर गुणाकार x³ - x, त्याची कमाल ०.३८५. त्याऐवजी चेबिशेव्हचे ±०.८६६ आणि 0 घेतले तर x³ - 0.75x; x = 0.5 ला आणि टोकालाही त्याचा आकार बरोबर ०.२५. सगळे उंचवटे सारखे झाले, आता एक दाबला की दुसरा वर येणार. म्हणून याहून कमी कमाल कुठल्याच तीन बिंदूंना जमत नाही.

अकरा बिंदूंना समान अंतराचा गुणाकार मधोमध ०.०००१, टोकाजवळ ०.००८५. चेबिशेव्हचा कमाल ०.००१. म्हणजे मध्यभागी समान अंतरच सरस, हे मान्य करायला हवं. तुमचं काम फक्त मध्यावर असेल किंवा बिंदू तीन-चारच असतील, तर फोरमनचं ऐकलेलं बरं. आमची भट्टी मात्र १२०० च्या जवळच जास्त चालायची.

टोकाचं रीडिंग हवंच असेल तर `800 + 400*cos(kπ/n)`, k = 0 ते n, हे बिंदू घ्या. त्यात ४०० आणि १२०० दोन्ही येतात, गुणाकार फार तर दुप्पट होतो आणि n दुप्पट केला तरी जुनी रीडिंग वाया जात नाहीत. मी सध्या तेच वापरतो.