हापूसचा एक हंगाम आणि आपोआप जाणारी उत्तरं: पाच महिने वापरल्यानंतर

आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे. दलालाकडे माल घालण्याऐवजी गेली काही वर्षं आम्ही बराचसा आंबा थेट गिऱ्हाइकांच्या घरी पाठवतो. बाग आणि पॅकिंग दीर बघतात, मेसेज मी आणि माझी धाकटी जाऊ बघतो. यंदा जानेवारीच्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आपोआप जाणारी उत्तरं लावली, ती जूनपर्यंत वापरली. अ‍ॅप फुकट आहे. घरगुती धंद्याला तेवढं पुरतं, फक्त कुठलं उत्तर यंत्राने द्यायचं आणि कुठे आपण पुढे व्हायचं हे आधी ठरवावं लागतं. आम्ही ते आधी ठरवलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अ‍ॅपमध्ये Business tools खाली तीन गोष्टी मिळतात. Greeting message म्हणजे स्वागताचा संदेश. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा मेसेज केला, किंवा 14 दिवस त्या चॅटमध्ये काहीच झालं नाही आणि मग मेसेज आला, की तो जातो. Away message आपण नसतानाचा, वेळ लावून देता येतो. तिसरं Quick replies. ही आपोआप जात नाहीत. चॅटमध्ये `/` टाइप केलं की आपण लिहून ठेवलेली उत्तरं समोर येतात, त्यातलं एक निवडून पाठवायचं. अशी 50 उत्तरं साठवता येतात. आमची अकरा आहेत आणि तेवढ्यावर सगळा हंगाम निघाला.

सुरुवातीला आम्ही सगळं स्वागताच्या संदेशातच कोंबलं होतं. भाव, डझनाच्या पेट्या, कुठल्या गावांना पाठवतो, पैसे कसे भरायचे, पिकवायचा कसा. दोन स्क्रीन भरतील एवढा मजकूर. लोक तो वाचत नाहीत हे आठवडाभरात कळलं, कारण त्याच्या खालीच "भाव काय?" असा मेसेज येऊन पडलेला असायचा. मग तो चार ओळींवर आणला.

खरा घोटाळा भावाचा झाला. आंब्याचा भाव हंगामभर एक राहत नाही. पाडव्याच्या सुमारास फळ कमी असतं, भाव चढा असतो. एप्रिल सरता सरता आवक वाढते आणि भाव उतरतो. आमच्या संदेशात डझनाला 1400 लिहिलेलं होतं आणि आम्ही प्रत्यक्षात 1000 ने देत होतो. चार दिवस नवीन गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या. जुनी माणसं फोन करून घेत होती, त्यामुळे पॅकिंग चालू होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी पुण्याच्या एका बाईंनी सांगितलं, "तुमचा भाव बघून मैत्रिणीने दुसरीकडे घेतला." चुकीचं उत्तर गेलं तर गिऱ्हाईक भांडायला येत नाही, निघून जातं. आपल्या फोनवर त्याची काही खूण उरत नाही.

तेव्हापासून स्वागताचा संदेश असा आहे:

"नमस्कार. हे उत्तर आपोआप आलं आहे. आजचा भाव (24 एप्रिल): डझन 1000, पाठवणी वेगळी. पेटी हवी असेल तर किती डझन आणि पिनकोड लिहा. आधी घेतलेल्या पेटीबद्दल असेल तर तसं लिहा, आमच्यापैकी कुणीतरी आज रात्री 8 च्या आत फोन करेल."

सकाळी चहा ठेवला की जाऊ तारीख आणि भाव बदलते. एखाद्या दिवशी राहिलंच, तर तारीख कालची दिसते आणि गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, "आजचा भाव हाच का?" म्हणजे आपली चूक पकडायला त्यालाही जागा राहते. पिनकोड मागितल्यामुळे त्याचं पुढचं उत्तर आमच्या कामाचं येतं. पूर्वी नुसतं "पाठवता का?" यायचं आणि गाव विचारण्यात तीन मेसेज जायचे.

आता ज्या प्रसंगाने आमची मांडणी बदलली तो सांगते. नाशिकच्या एका बाईंनी 6 एप्रिलला दोन डझनांचे पैसे भरले. फळ तयार नव्हतं, म्हणून पेटी 13 ला निघाली. गाडीची पावती दिरांनी त्यांच्या स्वतःच्या फोनवरून पाठवली. 14 ला पेटी पोचली. त्यांनी आम्ही सांगितलं तसं आठवडाभर पेंढ्यात ठेवलं आणि 22 तारखेला कापायला घेतलं. पाच आंबे कापले, त्यातल्या तिघांत साका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साका म्हणजे कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट होतो. फळ बाहेरून अगदी देखणं असतं, कापेपर्यंत कळत नाही. त्यांनी दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "पाचपैकी तीन असे निघाले."

आमच्या नंबरवरच्या त्या चॅटमध्ये 6 तारखेनंतर काहीच झालेलं नव्हतं. सोळा दिवस झाले होते. साहजिकच त्यांना काय गेलं? नमस्कार, आजचा भाव, किती डझन हवेत. (रात्री 8 ची ओळ तेव्हा नव्हती, ती यानंतर आली.) त्यांनी एवढंच लिहिलं, "मी ऑर्डर द्यायला मेसेज केलेला नाही." आम्ही दिवसभर पॅकिंगमध्ये होतो, संध्याकाळी वाचलं. मला फार वाईट वाटलं. दिरांनी लगेच फोन केला आणि तीन फळांचे पैसे परत घ्यायला सांगितलं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "साका काय तुम्ही घातलात थोडाच? पण उत्तर वाचून मन खट्टू झालं."

दोष आमच्या मांडणीचा होता. हिशेब करून बघा: बुकिंग, झाडावर फळ तयार होईपर्यंतची वाट, प्रवास, पिकायला सहा ते आठ दिवस. आंब्याची तक्रार यायची वेळ आणि 14 दिवसांची मुदत जवळजवळ एकावर एकच पडते. म्हणजे ज्याला माणसाची सर्वांत जास्त गरज, नेमका त्यालाच यंत्राचा नमस्कार जाणार.

उपाय सेटिंगमध्येच होता. Greeting message मध्ये Recipients असं आहे, तिथे Everyone not in address book निवडलं. आता पैसे आले की पहिलं काम म्हणजे नंबर फोनमध्ये सेव्ह करायचा. नावापुढे गाव आणि पाठवणीची तारीख: "नाशिक 13 एप्रिल". सेव्ह झालेल्या माणसाला स्वागत जात नाही. Away message लाही तेच लावलं. घरात आम्ही नियमच केला: पैसे येईपर्यंत यंत्र बोलेल, पैसे आल्यावर फक्त माणूस. दुसरा फायदा असा झाला की मेसेज येताक्षणी वर तारीख दिसते आणि फळ कितव्या दिवसाचं आहे ते कळतं.

ती तारीख का लागते, तेही सांगते. आम्हाला सर्वांत जास्त येणारा मेसेज म्हणजे "आंबे हिरवे आलेत." पेटी पोचली त्या दिवशी हे वाक्य आलं तर तो प्रश्न आहे. त्याला `/pikav` हे साठवलेलं उत्तर जातं: पेंढ्यात एका थरात ठेवा, फ्रिजमध्ये नको, रोज एकदा बघा, वास सुटला आणि साल किंचित सुरकुतली की खायला घ्या. पण तेच वाक्य नवव्या दिवशी आलं तर ती तक्रार आहे. फळ कोवळं उतरवलं गेलं असण्याची शक्यता असते, आणि तिथे पिकवायची कृती पाठवणं म्हणजे जखमेवर मीठ. शब्द तेच, अर्थ वेगळा.

म्हणूनच शब्द ओळखून उत्तर देणारी पैसे भरून घ्यायची एक सेवा आम्ही महिनाभर लावून बंद केली. "पेटी" या शब्दावर भाव जाईल असं आम्हीच ठरवलं होतं आणि "पेटी फुटलेली आली" यावर भाव गेला. शिवाय आपली माणसं लिहितात कशी? भाव, bhav, rate, दर, कितीला, "काय भाव लावलाय यंदा". वयस्कर मंडळी तर बोलूनच पाठवतात. किती शब्द भरणार?

एकाकडून दुसऱ्याकडे चॅट द्यायला Labels वापरतो. अ‍ॅपला मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे मी, जाऊ आणि दीर एकाच नंबरवर असतो. लेबलं तीनच ठेवली: पैसे बाकी, पत्ता हवा, दिरांनी बघा. तिसरं लावायच्या आधी मी हाताने एक ओळ लिहिते: "फोटो बघितले. हे फळ ज्यांनी उतरवलं ते माझे दीर आज 8 च्या आत फोन करतील. उरलेली फळं कापू नका, नुसती बाजूला ठेवा." "लवकरच संपर्क करू" असं आम्ही लिहीत नाही. वेळ लिहिली की गिऱ्हाईक परत परत विचारत नाही, आणि आम्हालाही 8 च्या आत फोन करावाच लागतो. दीर फोन करतात, ठरलं ते चॅटमध्ये एका ओळीत लिहितात आणि लेबल काढतात. लेबल दिसतंय म्हणजे काम बाकी. रात्री जेवणाआधी मी ती यादी उघडतेच.

आणखी एक मर्यादा कोकणातल्यांनी ध्यानात ठेवावी. Away message जायला फोनला इंटरनेट लागतं. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की वीज जाते, पाठोपाठ रेंज. त्या वेळी आलेल्यांना काहीच उत्तर जात नाही. आता मुख्य फोन बागेत नेत नाही, घरातच असतो, आणि वायफायच्या डब्याला छोटा इन्व्हर्टर लावलाय.

जूनमध्ये हंगाम संपल्यावर Away message वर Always send लावलं: "यंदाचा आंबा संपला, पुढचं बुकिंग फेब्रुवारीत." तेव्हा मात्र Recipients बदलून Everyone except केलं, कारण जुन्या गिऱ्हाइकांनाही हे कळायला हवं. वगळलेल्यांच्या यादीत सात नावं आहेत. त्यांचे पैसे परत द्यायचे आहेत, किंवा फळाबद्दलचं बोलणं अजून पुरं झालेलं नाही. एकेकाचं मिटेल तसं जाऊ त्या यादीतून नाव काढते.